४.४ अंशाने वाढणार म्हणजे नेमके काय? तापमानवाढीचे आकडे वाचताना कुठे चुकते

कामठी : मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश तापमानाची नोंद झाल्याची बातमी मोबाईलवर फिरली. आधीच उन्हाने जीव कासावीस झालेला, त्यात हा आकडा. लोकांनी कूलर लावलेल्या खोलीतही घाम पुसला. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की, त्या स्वयंचलित केंद्राचे सेन्सर बिघडले होते. आकडा खोटा निघाला आणि विषय संपला.

पण दुसऱ्या एका प्रकारचा आकडा त्याच मोबाईलवर नेहमी फिरत असतो. "२१०० पर्यंत तापमान ४.४ अंशाने वाढणार." कधी तो २.७ असतो, कधी १.८, तर कधी "१ ते ५.७ अंश". इथे कोणतेही यंत्र बिघडलेले नाही, आकडा खराही असतो. चूक होते ती वाचण्यात. बियाणे घ्यायला आलेला पुतण्या काकाला मोबाईल दाखवतो, "काका, हे पाहा, साडेचार डिग्री वाढणार म्हन्ते." काका म्हणतात, "आता पंचेचाळीस रायते, मंग एकोणपन्नास होईन का? आन् मागच्या खेपेला तं दोन-अडीच म्हनत होते. यायचं एक काय ते ठरू दे आधी."

काकांचा प्रश्न चुकीचा नाही. एकाच गोष्टीचे चार आकडे आले की माणूस सगळ्यांवरचाच विश्वास सोडतो. पण हे चार आकडे एकाच प्रश्नाची चार उत्तरे नाहीत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

अंदाज नाही, जर-तरचा हिशेब

उद्या पाऊस पडेल का, हे हवामान खाते सांगते, त्याला अंदाज म्हणतात. २१०० साली किती गरम असेल, याचा असा अंदाज कोणीच देत नाही. कारण ते ठरणार आहे पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे जग किती कोळसा, डिझेल आणि गॅस जाळते यावर, आणि ते आज कोणालाच माहीत नाही. म्हणून शास्त्रज्ञ सरळ जर-तरचा हिशेब मांडतात. जग असे वागले तर एवढे तापेल, तसे वागले तर तेवढे. या मांडणीला प्रक्षेपण म्हणतात.

जगाने कसे वागावे याच्या पाच गोष्टी शास्त्रज्ञांनी ठरवून ठेवल्या आहेत. जगातल्या सगळ्या संस्थांनी हिशेब एकाच मापाने करावा, म्हणून या गोष्टी सगळ्यांना सामायिक आहेत. त्यांनाच एसएसपी, म्हणजे सामायिक सामाजिक-आर्थिक मार्ग म्हणतात. पहिल्या गोष्टीत देश एकमेकांना धरून चालतात आणि स्वच्छ विजेकडे वळतात. दुसऱ्यात जग आज चालले आहे साधारण तसेच चालत राहते, ना फार सुधारणा ना फार बिघाड. तिसऱ्यात प्रत्येक देश आपापले पाहतो, भांडणे वाढतात, लोकसंख्याही वाढते. चौथ्यात श्रीमंत-गरीब दरी रुंदावते. पाचव्यात पैसा भरपूर येतो, पण तो सगळा कोळसा-तेल जाळून.

मोबाईलवर किंवा अहवालात हे नाव SSP2-4.5 किंवा SSP5-8.5 असे लिहिलेले दिसते. यातला पहिला आकडा गोष्टीचा नंबर आहे. दुसऱ्या आकड्यावर मात्र भले भले फसतात. ४.५ म्हणजे साडेचार अंश आणि ८.५ म्हणजे साडेआठ अंश तापमानवाढ, असे समजून बातम्या पुढे ढकलल्या जातात. हा आकडा तापमानाचा नाहीच, तो वॅटचा आहे.

तो असा समजून घ्यायचा. हवेत कार्बन डायऑक्साइडसारखे वायू साचले की जमिनीची उष्णता बाहेर जायला अडथळा होतो. २१०० साली हा अडथळा, कारखानदारी सुरू होण्याआधीच्या तुलनेत, प्रत्येक चौरस मीटरमागे किती वॅटचा जोर लावत असेल, ते हा दुसरा आकडा सांगतो. घरातला साधा एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. ८.५ म्हणजे जमीन असो की समुद्र, प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास असा एक बल्ब रात्रंदिवस जळत ठेवल्यासारखे. एका एकरात चार हजारांहून जास्त चौरस मीटर असतात, म्हणजे एकराला चार हजार बल्ब. ४.५ म्हणजे त्याच्या अर्ध्या ताकदीचे बल्ब. हा जोर लागला की पृथ्वी किती अंशाने तापेल, हा पुढचा, वेगळा हिशेब आहे.

पाच मार्ग, पाच पट्टे

हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) ऑगस्ट २०२१ मध्ये सहाव्या अहवालाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यासाठी जगभरातल्या संस्थांच्या संगणकीय मॉडेलनी हे हिशेब केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे मॉडेलही त्यात होते. अहवालाने पाच मार्ग ठळक करून दाखवले. त्यात पहिली गोष्ट दोनदा येते, एकदा फार कडक आणि एकदा जरा सैल, आणि चौथी गोष्ट या यादीत नाही. २०८१ ते २१०० या वीस वर्षांची सरासरी, १८५० ते १९०० च्या तुलनेत, पूर्ण जगासाठी अशी आहे :

- एसएसपी १-१.९ : १.४ अंश (१.० ते १.८)
- एसएसपी १-२.६ : १.८ अंश (१.३ ते २.४)
- एसएसपी २-४.५ : २.७ अंश (२.१ ते ३.५)
- एसएसपी ३-७.० : ३.६ अंश (२.८ ते ४.६)
- एसएसपी ५-८.५ : ४.४ अंश (३.३ ते ५.७)

गोंधळ इथूनच सुरू होतो. वरच्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा १.० आणि खालच्या ओळीतला सगळ्यात मोठा ५.७ उचलला जातो आणि "तापमान १ ते ५.७ अंशाने वाढणार" अशी ओळ तयार होते. वाचणारा म्हणतो, एवढी मोठी फट असेल तर यांनाच काही माहीत नाही.

शेतातले उदाहरण घेतले तर ही चूक लगेच दिसते. समजा एका शेतकऱ्याने एकाच वाणाची कपाशी पाच तुकड्यांत लावली. पहिल्या तुकड्यात युरिया अगदी कमी, दुसऱ्यात थोडा जास्त, असे करत पाचव्यात पोतेच्या पोते. पहिल्या तुकड्यात झाडे तीन ते चार फूट झाली आणि पाचव्यात पाच ते सात फूट. आता कोणी म्हटले की "या वाणाचे झाड तीन ते सात फूट होते, काही भरवसा नाही", तर तो शेतकरी हसेल. फरक वाणाचा नाही, डोसाचा आहे. डोस ठरला की उंचीचा पट्टा लहान होतो.

म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती युरिया टाकायचा, हे माणसाच्या हातात. तेवढ्याच युरियाला एक झाड पाच फूट आणि दुसरे सात फूट का झाले, हे जमिनीच्या हातात. तापमानवाढीच्या यादीत वरून खाली जाणारा फरक हा डोसाचा आहे, म्हणजे जग किती धूर सोडते त्याचा. प्रत्येक ओळीच्या कंसातला फरक हा जमिनीचा आहे, म्हणजे तेवढ्याच धुराला पृथ्वी किती प्रतिसाद देते त्याचा. हे दोन फरक एकत्र कालवले की आकडा निरुपयोगी होतो.

कंसातला पट्टा कसा वाचायचा

पृथ्वीचा प्रतिसाद पक्का माहीत नसण्याचे मोठे कारण ढग आहेत. काही ढग ऊन परतवतात आणि सावली देतात, काही ढग गोधडीसारखी उष्णता आत धरून ठेवतात. जग तापले की कोणते ढग किती कमी-जास्त होतील, यावर मॉडेल एकमेकांशी थोडी असहमत आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि तसाच राहिला तर जग शेवटी सुमारे ३ अंशाने तापेल, बहुतेक करून २.५ ते ४ च्या मधे, असे अहवाल म्हणतो. कंसातला पट्टा मुख्यतः याच कारणाने येतो.

दुसऱ्या मार्गाची ओळ घ्या, २.७ (२.१ ते ३.५). तिचा अर्थ असा की, जग त्या मार्गाने गेले तर वाढ २.१ ते ३.५ च्या आत राहण्याची शक्यता शंभरात नव्वद आहे. २.७ हा सगळ्यात पटणारा आकडा. मधल्या आकड्यांची शक्यता जास्त, कडेच्या आकड्यांची कमी. आणि उरलेले शंभरातले दहा पट्ट्याच्या बाहेर आहेत, काही खाली, काही वर. म्हणून ३.५ ही काही कुलूप लावलेली वरची हद्द नाही.

आणखी एक नीट पाहण्यासारखे. दुसऱ्या मार्गाचा वरचा आकडा ३.५ आणि पाचव्या मार्गाचा खालचा आकडा ३.३ आहे. म्हणजे पट्टे एकमेकांवर चढतात. धूर मध्यम ठेवूनही पृथ्वीचा प्रतिसाद कडक निघाला, तर फटका मोठा बसू शकतो. डोस कमी केला म्हणून धोका शून्य होत नाही, तो कमी होतो.

यातला कोणता मार्ग खरा होईल, याला आयपीसीसीने टक्के दिलेले नाहीत. पण पाचव्या मार्गाएवढा धूर होण्याची शक्यता, वीज क्षेत्रात झालेले बदल पाहता, कमी मानली जाते, असे त्याच अहवालात नमूद आहे. त्या मार्गात २०५० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचा धूर आजच्या दुप्पट व्हायला हवा. म्हणून कोणी फक्त ४.४ अंशाची बातमी दिली आणि मार्ग सांगितला नाही, तर ती बातमी अर्धी आहे. तसेच कोणी फक्त १.४ दाखवून "काही होत नाही" म्हणत असेल, तर तीही अर्धीच, कारण त्या मार्गात २०५० च्या सुमारास जगाचा निव्वळ धूर शून्यावर यायला हवा.

४.४ आणि ४.४ सारखे नाहीत

आता काका-पुतण्याच्या मेसेजकडे परत येऊ. "२१०० पर्यंत ४.४ अंश" हा आकडा दोन ठिकाणांहून येतो आणि दोन्ही ठिकाणी तो खरा आहे. पण अर्थ वेगळा आहे.

एक ४.४ वरच्या यादीतला. तो पूर्ण जगाचा आहे, समुद्र धरून. तो पाचव्या मार्गाचा आहे. आणि तो १८५० ते १९०० च्या तुलनेत आहे, म्हणजे मोजपट्टीचा शून्य आपल्या पणजोबांच्या काळात ठेवलेला आहे. २०११ ते २०२० पर्यंत त्यातले सुमारे १.१ अंश वाढून झालेले होते. म्हणून त्या दशकाच्या पुढची वाढ म्हणजे ४.४ वजा १.१, सुमारे ३.३ अंश. हाच वजाबाकीचा नियम बाकी ओळींना लावला तर दुसऱ्या मार्गात पुढची वाढ सुमारे १.६ अंश उरते आणि १-२.६ च्या मार्गात सुमारे ०.७.

दुसरा ४.४ भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या अहवालातला. तो जून २०२० मध्ये आला आणि त्याचे काम पुण्याच्या त्याच संस्थेत झाले. हा आकडा फक्त भारताचा आहे. त्याचा शून्य १९७६ ते २००५ या वर्षांच्या सरासरीवर आहे. मार्ग आहे आरसीपी ८.५. आरसीपी ही आधीच्या, पाचव्या आयपीसीसी अहवालातली पद्धत. त्यात वॅटचा आकडा होता, पण लोकसंख्या, व्यापार, भांडणे यांच्या गोष्टी जोडलेल्या नव्हत्या. इथल्या ४.४ मध्ये १९७६ च्या आधी झालेली वाढ मोजलेलीच नाही. म्हणून दिसायला सारखा असला तरी हा दुसरा ४.४ पहिल्यापेक्षा जड आहे.

जगाचा आकडा उचलून भारतावर चिकटवता येत नाही, हेही हाच अहवाल दाखवतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश वाढले, म्हणजे जगापेक्षा कमी. आपल्याकडे हवेतली धूळ-काजळी काही ऊन अडवते आणि जमिनीच्या वापरातले बदलही परिणाम करतात, त्यामुळे वाढीचा काही भाग झाकला गेला. पण ही झाकण कायमची नाही. हवा स्वच्छ केली, जी आरोग्यासाठी करायलाच हवी, तर ते झाकण पातळ होते.

मग मे महिन्यात ४९ होणार का?

काकांनी केलेली बेरीज होती ४५ अधिक ४.४. ही बेरीज बसत नाही. ४.४ हा वर्षभराच्या सगळ्या दिवसांचा आणि सगळ्या रात्रींचा, आणि वीस-तीस वर्षांचा सरासरी आकडा आहे. ४५ हे मे महिन्यातल्या एका तापलेल्या दुपारचे आजचे तापमान आहे. आजच्या ४५ मध्ये आतापर्यंत झालेली वाढ आधीच बसलेली आहे. ती पुन्हा जोडली तर एकच माल दोनदा तोलल्यासारखे होते.

तापलेल्या दिवसासाठी अहवालात वेगळा आकडा असतो, तोच शोधायचा. त्या सरकारी अहवालानुसार, आरसीपी ८.५ च्याच मार्गात, शतकाच्या शेवटी वर्षातला सगळ्यात गरम दिवस सुमारे ४.७ अंशाने आणि सगळ्यात थंड रात्र सुमारे ५.५ अंशाने वाढेल. उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटा तीन ते चार पट होतील. तुलना १९७६ ते २००५ शी. हा आकडा देशाच्या सरासरीचा आहे, एकट्या कामठीचा किंवा नागपूरचा नाही.

यात शेतकऱ्याने थांबून पाहण्यासारखी गोष्ट रात्रीची आहे. बातमीत दुपारचे ऊन येते, पण थंड रात्र जास्त वेगाने गरम होते. गहू आणि हरभऱ्याला जानेवारी-फेब्रुवारीची थंडी लागते. दाणा भरताना रात्री गरम राहिल्या तर पीक लवकर पिकते आणि दाणा बारीक राहतो. ही गोष्ट सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

पावसाचा हिशेब याहून अवघड आहे. मोसमी पाऊस एकूण वाढेल आणि मोठ्या सरी जास्त येतील, याकडे मॉडेलचा कल आहे. पण किती वाढेल यावर त्यांच्यात तापमानापेक्षा जास्त मतभेद आहेत. म्हणून एखाद्या तालुक्याच्या २०५० सालच्या पावसाचा एकच मिलिमीटरचा आकडा कोणी छातीठोक देत असेल, तर त्याला आधी पट्टा विचारावा.

२०४० पर्यंत सगळे मार्ग जवळपास सारखे

या सगळ्यात शेतकऱ्याच्या कामाचा भाग आकड्यांच्या पहिल्या रकान्यात आहे आणि तोच कोणी दाखवत नाही. २०२१ ते २०४० या वीस वर्षांसाठी पाच मार्गांचे आकडे असे आहेत : १.५, १.५, १.५, १.५ आणि १.६ अंश. म्हणजे धूर कमी केला काय आणि वाढवला काय, २०४० पर्यंतचे तापमान जवळपास एकच.

कपाशीच्या त्या पाच तुकड्यांतही हेच होते. लागवडीनंतर पंधरा-वीस दिवस पाचही तुकडे सारखेच दिसतात. डोसाचा फरक नंतर उघडा पडतो. इथेही तसेच, कारण आधी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत टिकून आहे आणि समुद्र सावकाश तापतो. २०४१ ते २०६० मध्ये मार्ग वेगळे व्हायला लागतात, १.६ पासून २.४ पर्यंत. शतकाच्या शेवटी ही फट १.४ पासून ४.४ पर्यंत जाते.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. पुढच्या पंधरा वर्षांसाठी जे करायचे, जसे वाण बदलणे, विहिरीचे पुनर्भरण, गोठ्याला उंच छप्पर, मजुरीची वेळ पहाटे घेणे, त्यासाठी कोणता मार्ग खरा होईल याची वाट पाहण्याची गरज नाही. सगळ्या मार्गांत उत्तर सारखेच आहे. आज लावलेली संत्र्याची बाग वीस-पंचवीस वर्षे राहते, तिचा शेवटचा काळ फट पडायला लागते तिथे पोहोचतो. आणि बंधारा, कालवा, सिमेंटचे घर, बांधावरचे सागवान, जे नातवापर्यंत जाणार, त्यांच्यासाठी एक मार्ग पाहून चालत नाही. दुसरा मार्ग धरून काम करावे आणि तिसऱ्या मार्गात ते निभेल का, हे एकदा तपासावे.

एखाद्या वर्षाचा आकडा आणि वीस वर्षांची सरासरी यांतही गल्लत होते. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ या एका वर्षात जगाचे तापमान जुन्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंशाने जास्त होते. "दीड अंशाची हद्द ओलांडली" अशा बातम्या त्यावरून आल्या. पण यादीतले १.५ हे वीस वर्षांच्या सरासरीचे आहेत. एका वर्षी एकरी बारा क्विंटल झाले म्हणून शेताचे उत्पन्न बारा क्विंटल, असे कोणी सांगत नाही. उलट, एखादा हिवाळा कडक गेला म्हणून तापमानवाढ थांबली, असेही होत नाही.

मार्ग कुठे ठरतो

हे मार्ग दूर कुठेतरी ठरतात असे वाटते, पण त्याचा एक तुकडा कामठी तालुक्यातच उभा आहे. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात. आणखी ६६० मेगावॅटच्या दोन संचांच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये तिथे जाहीर सुनावणी झाली. कोळशावर एक युनिट वीज तयार झाली की साधारण एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि असा संच एकदा उभा राहिला की काही दशके चालतो. म्हणजे आज ठरलेला संच २०५० नंतरच्या फटीत मोजला जातो. दुसरीकडे रात्रीच्या पाळीत मोटार चालवणाऱ्याला वीज हवीच आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ धूर शून्यावर आणण्याचे जाहीर केले. मार्गांच्या यादीत जग कोणत्या ओळीत जाईल, ते अशा हजारो निर्णयांची बेरीज आहे. एकट्या कोराडीने ओळ बदलत नाही, पण कोराडीसारख्यांशिवाय ओळ तयारही होत नाही.

मेसेज आला की पाच प्रश्न

तापमानवाढीचा कोणताही आकडा पुढे ढकलण्याआधी त्यात पाच गोष्टी शोधाव्यात.

१. मार्ग कोणता? एसएसपी किंवा आरसीपीचा नंबर दिला आहे का? त्यातला वॅटचा आकडा अंश म्हणून तर छापला नाही?

२. कोणत्या वर्षांसाठी? २०४० पर्यंतचे, २०५० च्या आसपासचे की २१०० चे?

३. कशाच्या तुलनेत? १८५० ते १९००, १९७६ ते २००५, की आज?

४. कुठचे? पूर्ण जगाचे, भारताचे की जिल्ह्याचे?

५. कशाचे? वर्षभराची सरासरी, गरम दिवस की थंड रात्र? आणि आकड्यासोबत पट्टा दिला आहे का?

काका-पुतण्याच्या मेसेजला हे प्रश्न लावले तर तो असा लिहायला हवा होता : "जगाने कोळसा-तेल बेसुमार जाळण्याचा मार्ग धरला, ज्याची शक्यता आता कमी मानली जाते, तर शतकाच्या शेवटी भारताचे वर्षभराचे सरासरी तापमान १९७६ ते २००५ च्या तुलनेत सुमारे ४.४ अंशाने वाढेल." मेसेज लांब होतो, पण तो वाचल्यावर मे महिन्याच्या ४५ मध्ये कोणी ४.४ मिळवत बसणार नाही. आणि मागच्या खेपेला आलेले "दोन-अडीच" खोटे होते, असेही वाटणार नाही. ते वेगळ्या मार्गाचे किंवा वेगळ्या वर्षांचे होते, एवढेच.